रूम २०७, ‘ब्लूटूथ इयरफोन’, एक नग

२० जानेवारी २०२५, सोमवार. संध्याकाळी सातच्या सुमाराला पुदुच्चेरीच्या हॉटेलात बाबा शर्टाचे खिसे चाचपत होते. आधी शर्ट, मग पँट, मग गाडीत अंगावर घेतलेली शाल झटकली. आईने विचारलं, "काय शोधताय?" त्यांना ऐकू गेलं नाही. तिथेच मला कळलं की उजव्या कानातलं यंत्र नाहीये.

बाबा दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतात. कानामागे बसणारं, करंगळीच्या दोन पेरांएवढं, आणि त्यातून निघालेली पातळ पारदर्शक तार कानात जाते. डब्यात डावं होतं, उजवं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ही जोडी चौऱ्याहत्तर हजारांना घेतली होती. हरवलं ते एक, पण एका कानाने ऐकणाऱ्या माणसाला आवाज कुठून येतो हेच कळेनासं होतं. त्या रात्री जेवताना आई उजवीकडे बसली होती आणि बाबा प्रत्येक वेळी डावीकडे वेटरकडे बघून "हो, हो" म्हणत होते.

सकाळी काय काय झालं ते आठवून पाहिलं. तंजावरच्या हॉटेलातून आम्ही पावणेअकराला निघालो होतो. निघण्याआधी साताऱ्याहून बाबांच्या मित्राचा फोन आला. फोन कानाला लावला की यंत्र शिट्टी मारतं, म्हणून बाबा उजवं काढून ठेवतात आणि मग बोलतात. बोलणं लांबलं. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरून घेतलेला मराठी शिलालेख आदल्या दिवशी पाहिला होता, त्याचं वर्णन चाललेलं. तेवढ्यात मी दारातून ओरडले की गाडी आली. यंत्र पलंगाशेजारच्या टेबलावर, वर्तमानपत्राच्या बाजूला राहिलं. म्हणजे चूक निम्मी माझी.

ते परत हातात पडायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मी जे मेसेज लिहिले, त्यातले पहिले दोन इतके वाईट होते की वस्तू हॉटेलातच असूनही हॉटेलने ‘नाही’ म्हणून कळवलं. म्हणून हे सगळं तपशिलात लिहिते आहे.

लगेच फोन केला. रिसेप्शनवरचा मुलगा भला होता. "एक मिनिट मॅडम," म्हणाला, दोन मिनिटं संगीत ऐकवलं, आणि परत येऊन म्हणाला, "काही सापडलं नाही मॅडम." नंतर कळलं ते असं: खोल्या साफ करणाऱ्यांची मुख्य पाळी दुपारी चारला संपते. सापडलेल्या वस्तूंचं कपाट आणि त्यांचं रजिस्टर हाउसकीपिंगच्या खोलीत असतं आणि ती खोली संध्याकाळी कुलूपबंद. त्या मुलाने काउंटरच्या ड्रॉवरमध्ये पाहिलं, तिथे नव्हतं, इतकंच. त्याच्या ‘नाही’चा अर्थ ‘माझ्या ड्रॉवरमध्ये नाही’ असा होता. अशा गोष्टीसाठी फोन करायचा तर सकाळी दहा ते बाराच्या मध्ये करावा आणि थेट हाउसकीपिंगला जोडून मागावा.

मंगळवारी सकाळी मी हॉटेलच्या व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला. इंग्रजीत होता, त्याचं मराठी साधारण असं: ‘माझे वडील काल तुमच्याकडे राहिले होते. त्यांचं खूप महागडं श्रवणयंत्र खोलीत राहिलं आहे. कृपया तातडीने शोधा. ते वयस्कर आहेत, फार अडचण होते आहे.’ दुपारी उत्तर आलं: ‘आमच्या लॉस्ट अँड फाउंडमध्ये श्रवणयंत्र नाही. क्षमस्व.’

आता वाचताना माझ्या मेसेजची लाज वाटते. त्यात खोली क्रमांक नाही, बुकिंगचं नाव नाही, वस्तूचा रंग नाही, आकार नाही, ती खोलीत कुठे ठेवली होती ते नाही. आहे काय, तर ‘महागडं’ आणि ‘तातडीने’. शोधणाऱ्याला या दोन्ही शब्दांचा काडीचा उपयोग नाही. उलट ‘महागडं’ वाचून समोरचा सावध होतो, उद्या आपल्या माणसावर चोरीचा आळ येईल की काय म्हणून.

त्या दिवशी मी दुसरा मेसेज केला तो तर आणखी वाईट, कारण रागात होता. तुमच्या खोलीतून वस्तू जाते कुठे, वगैरे. त्याला उत्तर आलं नाही.

इकडे मस्कतहून दादाने हॉटेलला टॅग करून सोशल मीडियावर तक्रार टाकली. बुकिंग त्याच्या नावावर होतं, म्हणून त्याला वाटलं आपण बोललं पाहिजे. अर्ध्या तासात ‘ग्राहक सेवा’ असं नाव लावलेल्या एका खात्याने त्याला उत्तर दिलं: वस्तू सापडली आहे, फक्त दहा रुपये नोंदणी भरा, त्यासाठी हे ॲप उतरवून घ्या. दादा दहा रुपयांसाठी बोट पुढे करणारच होता, पण ॲप म्हटल्यावर थांबला. हॉटेलच्या बिलावरच्या नंबरला फोन केला तर त्यांचं असं कुठलंही खातं नव्हतं. दादाने ती पोस्ट काढून टाकली. तुमची वस्तू हरवली आहे हे जगाला सांगितलं की ज्यांच्याकडे ती नाही तेही ‘सापडली’ म्हणून पुढे येतात. पैसे गेलेच असते तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं लागलं असतं. नंबर नेहमी बिलावरचा किंवा बुकिंगच्या पावतीवरचा घ्यावा, इंटरनेटवर शोधून सापडलेला नाही.

बुधवारी रात्री चेन्नईहून पुण्याला पोचलो. गुरुवारी, २३ तारखेला, बाबांना घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे गेले. मनात नवीन घ्यायचीच तयारी होती. त्यांनी आकडा सांगितला: एका कानाचं एकोणचाळीस हजार. वॉरंटी अजून होती, पण ती बिघाडाची, हरवण्याची नाही. आणि जुन्या डाव्याशी जुळणारं तेच मॉडेल मिळेल याची खात्री नाही.

मी हॉटेलचं उत्तर त्यांना दाखवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "त्यांना श्रवणयंत्र मागितलंत तर ते काय शोधतील सांगू? मोठं, डबीसारखं, वायर लावलेलं काहीतरी. याला बघून कोणीही इयरफोनच म्हणेल. तुम्ही वस्तूचं नाव सांगू नका, वस्तू कशी दिसते ते सांगा."

मग त्यांनी डावं यंत्र हातात घेऊन मला ते पहिल्यांदा नीट दाखवलं. दोन वर्षं घरात असून मी ते कधी पाहिलंच नव्हतं. रंग राखाडी, किंचित चमक असलेला. मागच्या बाजूला एक छोटं बटण. खालचं दार नखाने उघडलं की आत शर्टाच्या बारीक बटणाएवढी बॅटरी. त्या दाराच्या आतल्या बाजूला निळा ठिपका. "निळा म्हणजे डावं, लाल म्हणजे उजवं. सगळ्या कंपन्या हेच रंग वापरतात," त्या म्हणाल्या. आणि त्याच जागी, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा अक्षरात, सीरियल नंबर. तो नंबर त्यांच्या बिलावरही होता, डाव्याचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा. बिलाची प्रत त्यांनी लगेच काढून दिली.

तिथेच बाकावर बसून तिसरा मेसेज लिहिला. या वेळी व्हॉट्सॲपवर नाही, तर ज्या साइटवरून बुकिंग केलं होतं तिथल्या मेसेजच्या खिडकीतून, दादाला लॉगिन करायला लावून. त्याचा फायदा असा की तिथून गेलेल्या मेसेजला बुकिंग क्रमांक, नाव आणि तारखा आपोआप चिकटलेल्या असतात. हा माणूस खरंच आपल्याकडे राहिला होता का, हा हॉटेलचा पहिला प्रश्न विचारण्याआधीच सुटतो. मजकूर हा होता:

> रूम २०७. मुक्काम १८ ते २० जानेवारी, चेकआउट २० तारखेला सकाळी १०:४५. खोलीत माझे आईवडील होते.
> राहिलेली वस्तू: राखाडी रंगाची, सुमारे ३ सेंटीमीटर लांब, चवळीच्या शेंगेच्या तुकड्यासारखी वाकडी. तिला बोटभर लांब पारदर्शक तार आणि तारेच्या टोकाला मऊ रबरी टोपी. एकच नग आहे, जोडी नाही. सोबत डबी नाही.
> दिसायला ब्लूटूथ इयरफोनसारखी आहे, पण ते श्रवणयंत्र आहे. कदाचित इयरफोन म्हणून नोंदलं गेलं असेल.
> शेवटची जागा: खिडकीच्या बाजूच्या पलंगाशेजारचं टेबल, वर्तमानपत्राजवळ. वर्तमानपत्राबरोबर रद्दीत गेलं असण्याची शक्यता आहे.
> ओळखीची खूण आणि सीरियल नंबर माझ्याकडे आहेत, विचारल्यास सांगेन.

सोबत डाव्या यंत्राचा फोटो जोडला, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. नाण्याची कल्पना ऑडिओलॉजिस्टबाईंची. नुसत्या फोटोत वस्तू केवढी आहे ते कळत नाही. लाल ठिपक्याबद्दल आणि नंबराबद्दल मुद्दाम काही लिहिलं नाही. तेही त्यांनीच सुचवलं: सगळं आधीच सांगून टाकलंत तर तुमची वस्तू आहे हे पटवायला हातात काय राहील?

शुक्रवारी सकाळी अकराला हॉटेलच्या नंबरवरून फोन आला. हाउसकीपिंगच्या सुपरवायझर बाई होत्या. इंग्रजी मोडकं, त्यांचंही आणि माझंही, पण बोलणं झालं. रजिस्टरमध्ये नोंद होती: २० जानेवारी, रूम २०७, ब्लूटूथ इयरफोन, एक नग. सापडण्याची वेळ साडेअकरा. म्हणजे आम्ही चिदंबरमच्या रस्त्याला लागलो होतो तेव्हाच ते पिशवीत घालून, चिठ्ठी लावून कपाटात गेलं होतं. मंगळवारी माझा मेसेज आल्यावर कोणीतरी रजिस्टरवर बोट फिरवलं, ‘श्रवणयंत्र’ हा शब्द दिसला नाही, आणि मला ‘नाही’ कळवलं. त्यात कोणाचा खोटेपणा नव्हता. शब्द जुळले नाहीत, बस.

मी विचारलं, खोली क्रमांक तर होता, मग तुम्ही आम्हाला का कळवलं नाही? त्यावर त्या जे म्हणाल्या ते मला तोवर माहीत नव्हतं. पाहुण्याला आपणहून फोन करायचा नाही असा नियम आहे. कोण कुठे राहिलं, कोणाबरोबर राहिलं, हे त्याच्या घरी माहीत असेलच असं नाही. हॉटेलने घरी फोन करून ‘तुमची अमुक वस्तू राहिली’ म्हटलं आणि घरात भांडण लागलं, असे प्रकार होतात. म्हणून वस्तू जपून ठेवायची आणि पाहुणा विचारेल तेव्हा द्यायची. त्यांच्याकडे साध्या वस्तू तीन महिने ठेवतात, मौल्यवान वस्तू मॅनेजरच्या तिजोरीत त्याहून जास्त, आणि खाण्याचे पदार्थ दुसऱ्या दिवशी टाकून देतात. इयरफोन साध्यात मोडतो. म्हणजे आम्ही नवीन यंत्र घेऊन गप्प बसलो असतो तर एप्रिलमध्ये कोणाला तरी एक न चालणारा इयरफोन मिळाला असता.

"फोटो पाठवता का?" मी विचारलं. "नाही मॅडम, आधी तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या.

मला क्षणभर राग आला. फोटो मी पाठवला होता, आता परीक्षा कसली? पण त्यांच्या बाजूने पाहिलं तर बरोबर होतं. ज्या कपाटात डझनभर इयरफोन आणि चार्जर पडलेत, तिथे आधी फोटो दाखवला तर समोरचा ‘हो हो, हेच’ म्हणणारच. मी म्हटलं, खालचं छोटं दार नखाने उघडा, आत लाल ठिपका असेल. फोनवर कागद खसखसल्याचा आवाज, मग तमिळमध्ये कोणालातरी काही सांगणं, मग शांतता. "येस मॅडम. रेड." मग सीरियल नंबर. तो त्यांना वाचता येईना. मी सांगितलं की मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघा. शेवटचे चार अंक जुळले. घरात मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाबांनीसुद्धा वळून पाहिलं, तेही योग्य दिशेला.

वस्तू आमची आहे हे सिद्ध झालं होतं. पण ती कोणाच्या हाती द्यायची हे अजून ठरायचं होतं, आणि त्यात आणखी दीड दिवस गेला.

अडचण अशी की बुकिंग दादाचं, खोलीत राहिले आईबाबा, मेसेज करणारी मी, आणि यंत्राच्या बिलावर नाव बाबांचं. मॅनेजरनी कळवलं की बुकिंग ज्याच्या नावावर आहे त्याने त्याच ईमेलवरून लिहून द्यावं, खोलीत राहिलेल्या व्यक्तीचं ओळखपत्र सोबत जोडावं, आणि पार्सल ओळखपत्रावरच्या पत्त्यावरच जाईल. शुक्रवार होता हे बरं झालं. मस्कतला शुक्रवारची सुट्टी, आणि घड्याळ आपल्यामागे दीड तास. दादा घरी सापडला.

आता आधार कार्ड व्हॉट्सॲपवर पाठवायचं का? चेकइनच्या वेळी त्यांनी प्रत घेतलेलीच होती, मग पुन्हा कशाला, असं मला वाटत होतं. मी तसं विचारलं. उत्तर आलं की प्रत आहे, पण मेसेज करणारी व्यक्ती तीच आहे हे त्या प्रतीवरून कसं कळणार? जुळवून बघायला काहीतरी तुमच्याकडून आलं पाहिजे. हेही खरंच. मग मी मास्क केलेलं आधार पाठवलं. `myaadhaar.uidai.gov.in` वर जाऊन आधार उतरवून घेताना तसा पर्याय निवडता येतो. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात आणि फोटो असतोच. हॉटेलला जुळवायला तेवढं पुरतं. बाबांच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो आपणच तिथे भरायचा, कोणाला सांगायचा नाही. फाइल उघडायला पासवर्ड लागतो: इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. मी उघडलेल्या फाइलचा प्रिंट काढला, त्यावर पेनने आडवं लिहिलं, ‘फक्त रूम २०७ मधील वस्तू परत मिळवण्यासाठी, २४/१/२०२५’, आणि त्याचा फोटो पाठवला. थोडा उद्योग आहे, पण ती प्रत उद्या भलत्या कामाला वापरणं अवघड होतं.

मग पत्त्याचं. बाबांच्या आधारवर अजून साताऱ्याच्या घराचा पत्ता आहे. ते घर तीन वर्षं बंद आहे. तिथे पार्सल गेलं असतं तर पोस्टमनने दार वाजवलं असतं, कुलूप बघितलं असतं, आणि काही दिवसांनी यंत्र परत तंजावरला. मॅनेजर ऐकेनात, नियम तो नियम. शेवटी मीच विचारलं की पत्ता बदलायचा असेल तर तुम्हाला नक्की काय लागेल? हा प्रश्न आधीच विचारायला हवा होता. वाद घालण्याऐवजी हे विचारल्यावर लगेच उत्तर मिळालं. दादाने बुकिंगच्या ईमेलवरून तीन ओळी लिहाव्यात: वस्तू माझ्या वडिलांची आहे, ती माझ्या बहिणीच्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवण्यास माझी संमती आहे, पाठवल्यानंतरची जबाबदारी आमची. सोबत माझं ओळखपत्र, ज्यावर पुण्याचा पत्ता आहे. दादाने दहा मिनिटांत पाठवलं. शनिवारी दुपारी ‘मंजूर’ असं कळलं. रविवारी प्रजासत्ताक दिन, सगळं बंद.

सोमवारी, २७ तारखेला, पाठवणीचा खर्च आला: ७४० रुपये. यंत्र आणि पिशवी धरून पन्नास ग्रॅमसुद्धा भरणार नाही आणि सातशे चाळीस? मी तोल सांभाळून विचारलं की हिशोब कळेल का. सुपरवायझर बाईंनी खोक्याचा फोटो पाठवला. बिचाऱ्यांनी वस्तू नाजूक म्हणून फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये पाच वेढे देऊन मिक्सर मावेल अशा खोक्यात ठेवली होती, भोवती वर्तमानपत्राचे बोळे. खोकं ३० बाय २५ बाय २० सेंटीमीटरचं. कुरियरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोकं किती जागा खातं तेही बघतात. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून या कुरियरने त्याला ५००० ने भागलं. गुणाकार पंधरा हजार, भागाकार तीन. म्हणजे पन्नास ग्रॅमच्या वस्तूला तीन किलोचा दर.

मी म्हटलं, साबणाची डबी आहे का? डबीत कापूस, कापसात यंत्र, आणि डबी मावेल एवढंच खोकं. १५ बाय १० बाय ८ चं एक सापडलं. त्याचा हिशोब पाव किलोच्याही आत येतो.

पण कुरियरच्या काउंटरवर दुसरीच अडचण निघाली. पाठवणाऱ्या मुलाने आत काय आहे विचारल्यावर ‘बॅटरीवालं यंत्र’ असं सांगितलं आणि त्यांनी विमानाने नेणार नाही म्हणून परत केलं. लिथियमच्या बॅटऱ्यांवर खरंच बंधनं आहेत, त्यामुळे बॅटरी म्हटलं की काउंटरवरचा माणूस विचारात पडतो. बाबांच्या यंत्रातली बॅटरी झिंक-एअर जातीची, फेकून द्यायची, चार्ज न होणारी. तिची किंमत ती किती. मी कळवलं की बॅटरी काढून टाका, नाहीतरी हवा लागण्यासाठी वरचं स्टिकर एकदा काढलं की ती न वापरताही आपोआप संपत जाते. दार मात्र उघडंच ठेवा. चार्जिंगची यंत्रं असतात त्यांची बॅटरी अशी काढता येत नाही, त्यांना जमिनीवरून जाणारी सेवा विचारावी लागेल.

तोपर्यंत बाई स्वतःच म्हणाल्या, "पोस्टातून पाठवू का? माझ्या घरच्या वाटेवर आहे." मंगळवारी, २८ जानेवारीला, त्यांनी ते स्पीड पोस्टने पाठवलं. पावती ९४ रुपयांची. मी हॉटेलच्या यूपीआयवर तीनशे पाठवले. पाठवण्याआधी स्क्रीनवर दिसणारं नाव बिलावरच्या नावाशी जुळतंय ना ते पाहिलं. उरलेले त्यांच्या रिक्षाला. त्या नको म्हणत होत्या.

एक गोष्ट राहून गेली. स्पीड पोस्टला वेगळे पैसे भरून विमा उतरवता येतो, हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. पावतीचा फोटो पाहिला तेव्हा विम्याच्या जागी काहीच नव्हतं. विमा नसताना पार्सल हरवलं तर भरपाई मिळते ती वस्तूच्या किमतीशी संबंध नसलेली, किरकोळ. म्हणजे एकोणचाळीस हजारांची वस्तू आता साबणाच्या डबीत, माझ्या विसराळूपणाच्या भरवशावर पुण्याकडे निघाली होती.

पुढचे चार दिवस मी तो तेरा अक्षरांचा क्रमांक, सुरुवातीला इंग्रजी ई आणि शेवटी आयएन, इतक्या वेळा टाकला की पाठ झाला. बुधवारी दिवसभर ‘Item Bagged’ वर अडकलेलं. गुरुवारी चेन्नई. शुक्रवारी काहीच नाही. शुक्रवारी रात्री आई म्हणाली, "आता तू ते बघायचं बंद कर, नाहीतर नंबर झिजेल."

शनिवारी, १ फेब्रुवारीला, सकाळी साडेअकराला पोस्टमन आले. घरात सगळे टीव्हीवर अर्थसंकल्प लावून बसलेले. पार्सलवर माझं नाव होतं, मी सही केली. त्यांच्यासमोरच खोक्याचा फोटो काढला, चारही बाजूंनी, चिकटपट्टी शाबूत होती. उघडताना मोबाइलवर चित्रीकरण केलं, कारण आत काही कमी निघालं तर सांगायला पुरावा पाहिजे. साबणाच्या डबीला अजून चंदनाचा वास होता. आत कापूस, कापसात यंत्र, आणि हॉटेलची ती चिठ्ठी: ‘रूम २०७, ब्लूटूथ इयरफोन, १’. इयरफोनवर काट मारून बाजूला निळ्या पेनने ‘हिअरिंग एड’ लिहिलेलं.

खर्चाचं म्हणाल तर पाठवणीचे तीनशे, आणि ऑडिओलॉजिस्टकडे यंत्र साफ करून तपासून घेतलं त्याचे तीनशे. प्रवासात ओल लागली असेल तर म्हणून त्यांनी ते एक रात्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायला सांगितलं. दोन्ही यंत्रांच्या आत आता माझा मोबाइल नंबर आहे. बारीक चिकटपट्टीवर शेवटचे सहाच अंक मावले. आणि दोन्हींचे सीरियल नंबर आमच्या तिघांच्या फोनमध्ये. सुपरवायझर बाईंना मी यंत्र पोचल्याचा फोटो पाठवला आणि हॉटेलच्या मालकांना वेगळी ईमेल लिहिली, त्यांच्या कामाबद्दल. माझ्या मंगळवारच्या रागाच्या मेसेजबद्दलही त्यात माफी मागितली.

रविवारी सकाळी बाबांनी नव्या बॅटरीचं स्टिकर काढलं. ते काढल्यावर मिनिटभर थांबायचं असतं, तिला हवा लागू द्यायची असते. ते मिनिट त्यांनी भिंतीवरच्या घड्याळावर मोजलं. बॅटरी बसवली, दार लावलं, यंत्र उजव्या कानामागे सरकवलं. चालू होताना वाजणारी धून फक्त त्यांनाच ऐकू येते, पण चेहऱ्यावरून आम्हालाही कळली.

तेवढ्यात साताऱ्याहून फोन आला. बाबांनी सवयीने उजवं यंत्र काढलं आणि हात टेबलाकडे नेला.

"डबी," आई म्हणाली.

बाबा डावीकडे वळून म्हणाले, "काय?"